संडासहून आल्यावर सुटणारी खाज: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपरखैरण्यात माझा दवाखाना आहे. या तक्रारीचा पेशंट ओळखायला मला आता वेळ लागत नाही. तो आधी सर्दी सांगतो, मग ॲसिडिटी सांगतो. चिठ्ठी घेऊन उठतो, दारापर्यंत जातो आणि कडीला हात लावून मागे वळतो. "मॅडम, अजून एक होतं... तिकडे जरा खाज येते." ते "जरा" बहुतेक वेळा सहा-आठ महिने जुनं असतं. तोवर घरात चार ट्यूबा, दोन साबण आणि एखादं जंतुनाशक लिक्विड वापरून झालेलं असतं. खालचे प्रश्न अशाच दारात उभ्या राहिलेल्या लोकांचे आहेत.

संडासला जाऊन आलं की अर्ध्या तासात खाज सुरू होते. तेव्हाच का?

कारण कातडीला तेव्हाच विष्ठेचा स्पर्श झालेला असतो. गुदद्वाराभोवतीची कातडी सपाट नसते. बटव्याचं तोंड दोरी ओढून बंद केल्यावर जशा चुण्या पडतात तशा तिथे चुण्या असतात. वरवर धुतलं तर त्या चुण्यांत थोडी विष्ठा राहून जाते. विष्ठेत पचनाचे रस आणि जंतूंनी तयार केलेले पदार्थ असतात. कातडीचा स्वभाव किंचित आम्ल असतो आणि ती आम्लता हेच तिचं संरक्षण असतं. विष्ठा लागून राहिली की ते संरक्षण मोडतं आणि खाज सुटते.

पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट दुसरीच आहे. कित्येकांची जागा धुतल्यावर खरोखर स्वच्छ झालेली असते आणि नंतर आतून थोडं पाझरतं. गुदद्वार बंद ठेवणारा आतला स्नायू आपल्या ताब्यात नसतो, तो आपोआप काम करतो. शौच मऊ, चिकट किंवा अर्धवट झालं असेल तर थोडं काठाशी राहतं आणि चालता-बसताना बाहेर येतं. कपड्याला डाग पडेलच असं नाही. कातडी चिडायला मोहरीएवढं पुरतं. माणसाला वाटतं आपण नीट धुतलं नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी आणखी जोरात धुतो. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

मी तर दोनदा साबण लावून धुतो. इतकी स्वच्छता ठेवूनही खाज कशी?

इतकी ठेवता म्हणूनच. याचं उत्तर एका पेशंटच्या गोष्टीतून देते. त्याची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

वय चौतीस, ऐरोलीत कंप्युटरवर दिवसभर बसायची नोकरी, घर घणसोलीत. वैशाखात गावी लग्नाला गेला, तिथलं जेवण बाधलं, तीन-चार दिवस पातळ शौच झालं आणि जागा हुळहुळी झाली. ती एवीतेवी आठवड्यात बरी झाली असती. पण त्याने जेट पूर्ण सोडून धुवायला सुरुवात केली. खाज राहिली म्हणून अंगाचा साबण लावला. तरी राहिली, म्हणजे जंतू असणार, म्हणून मगभर पाण्यात जंतुनाशक लिक्विड टाकलं. ते झोंबलं, तेव्हा त्याला बरं वाटलं, कारण झोंबतंय म्हणजे औषध लागतंय असा आपल्याकडे समज आहे. ऑफिसात जेट घाण असतो म्हणून सुगंधी वेट वाइप्सचं पाकीट बॅगेत आलं. जुलैत केमिस्टने एक ट्यूब दिली.

तो माझ्याकडे आला डिसेंबरात. कातडी पांढुरकी, ओल्या कागदासारखी फुगलेली आणि जाड झाली होती. चुण्यांमध्ये बारीक भेगा होत्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्या असतात तशा बाहेर जाणाऱ्या. जंत नव्हते, मूळव्याध नव्हता. घाण तर अजिबात नव्हती. नवी मुंबईतला सगळ्यांत धुतलेला माणूस माझ्यासमोर होता.

साबण त्या कातडीवरचा तेलकट थर काढून टाकतो. जंतुनाशक लिक्विड तर जखमेलाही फार सांभाळून वापरायचं असतं, रोज दोनदा नाजूक कातडीवर ते चटकाच देतं. वाइप्समध्ये सुगंध आणि ते टिकण्यासाठी घातलेली रसायनं असतात, त्यांची ॲलर्जी होणं नवीन नाही. लहान बाळांसाठी म्हणून विकलेल्या वाइप्सनीही होते. थर गेलेली कातडी जास्त खाजते, खाजवल्यावर सोलते आणि सोललेल्या कातडीला तेवढीच विष्ठा दुप्पट झोंबते.

मग धुवायचंच नाही का? जेट वापरू की साधा मग?

धुवायचं, नुसत्या पाण्याने. आपली पाण्याने धुण्याची पद्धत कोरड्या कागदाने घासण्यापेक्षा कातडीला बरीच सौम्य आहे. फक्त पाण्याचा मारा नको. जेटची धार अगदी मंद ठेवा आणि ती समोरून सरळ नेम धरून मारू नका. हाताच्या बोटांच्या पोटाने हलकं धुवा, नखांनी नाही. जोराची धार गुदद्वाराच्या आत पाणी घुसवते. ते पाणी दहा-पंधरा मिनिटांनी थोडी विष्ठा घेऊन बाहेर येतं. तेव्हा तुम्ही पॅंट चढवून ठाणे-वाशी लोकलच्या रांगेत उभे असता. म्हणून मंद धार किंवा साधा मगच बरा.

आणि धुण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे कोरडं करणं. ते आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही. ओल्या अंगावर चड्डी चढते, त्यावर जीन्स, त्यावर आपली दमट हवा. सहा तास ओल राहिली तर निरोगी कातडीही पांढरी पडून फुगते. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे रुमालाएवढे तुकडे कापून ठेवा. धुतल्यावर असा तुकडा नुसता टेकवून पाणी टिपा. पुसायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. वापरलेला तुकडा वेगळा टाकून गरम पाण्यात धुवा. ऑफिसात साधा, बिनसुगंधी टिश्यू कागद चालेल, तोही टेकवायचाच. घरी हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर लांबून अर्धा मिनिट पुरे. गरम हवा नको.

माझी खाज पाझरण्याचीच आहे, हे घरी कसं कळेल?

एक साधी परीक्षा आहे. सकाळी शौचाला जाऊन नेहमीसारखं धुवा आणि टिपा. मग एक-दीड तास नेहमीची कामं करा. त्यानंतर पांढरा कापूस पाण्यात किंचित ओला करून जागेला हलका टेकवा आणि उजेडात बघा. पिवळट-तपकिरी डाग आला तर नंतर पाझरतंय. कापूस स्वच्छ निघाला आणि तरीही खाज असेल तर धुणं, साबण, मलम किंवा एखादा कातडीचा आजार यांच्याकडे बघायचं. तीन दिवस करा, एका दिवसावर निकाल देऊ नका. घणसोलीच्या त्या पेशंटचा कापूस तीनपैकी दोन दिवस डागाळला होता. तो बघून त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, म्हणजे अजून जास्त धुवायला पाहिजे होतं ना?" नाही. पाझरणं बाहेरून धुऊन थांबत नाही, ते शौच घट्ट आणि पूर्ण होण्याने थांबतं.

त्याला तुम्ही काय करायला लावलं?

पहिले दोन आठवडे जास्त करून बंदच करायला लावलं. साबण, लिक्विड, वाइप्स, पावडर आणि ती ट्यूब, सगळं. ट्यूबबद्दल पुढे वेगळं सांगते. अंघोळ करताना पाठीवरून साबणाचं पाणी तिथे ओघळतं, म्हणून शेवटी दोन तांबे साधं पाणी घ्यायचं.

शौचासाठी रात्री जेवणानंतर इसबगोल, एक सपाट चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात मिसळून लगेच पिऊन टाकायचा, वर अजून अर्धा ग्लास पाणी. चार दिवसांनी दोन चमचे. लोकांना इसबगोल म्हणजे जुलाबाचं औषध वाटतं. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून कडक शौच मऊ होतं आणि चिकट, पातळ शौच बांधलं जातं. एका तुकड्यात, एका बैठकीत झालेलं शौच मागे काही ठेवत नाही. मोबाईल संडासात न्यायचा नाही असंही सांगितलं. तो वीस मिनिटं बसायचा, त्यातली पहिली पाचच कामाची असायची.

धुऊन, टिपून झाल्यावर झिंक ऑक्साईडचं साधं मलम, हरभऱ्याच्या डाळीएवढं, पातळ पसरून. हे औषध नसून रेनकोट आहे. पाझरलेलं काही आलंच तर ते कातडीऐवजी मलमावर बसावं एवढाच हेतू. जाड लेप दिला की खाली घाम कोंडतो आणि पुढच्या वेळी तो लेप काढायला पुन्हा घासाघास होते. दुपारी कापसाची पातळ पट्टी दोन कुल्ल्यांच्या मधे नुसती ठेवायची, आत सरकवायची नाही. ती घाम शोषते. ओली झाली की बदलायची. त्याला हे ऐकून हसू आलं होतं, पण पुढे सगळ्यांत जास्त आराम याचाच पडला असं त्यानेच सांगितलं.

आधी वापरलेल्या कडक ट्यूबमुळे कातडी भडकलेली होती, म्हणून मी त्याला सौम्य हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का फक्त रात्री, सात दिवस दिलं आणि मग बंद केलं. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला की खाज उलट वाढली. कडक स्टेरॉइड सोडल्यावर असं होतं, ते मी आधी बजावून ठेवलं होतं. दहाव्या दिवसापासून तो रात्री सलग झोपू लागला. भेगा भरायला चार आठवडे लागले, कातडीचा जाडपणा जायला दोन महिने. लोक इथेच चुकतात. खाज थांबली की त्यांना वाटतं बरं झालं आणि साबण पुन्हा हातात येतो.

केमिस्टची ट्यूब लावली की दोन दिवसांत थांबते. मग तिला का नावं ठेवता?

त्या ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं एखादं नाव सापडेल. ही कडक स्टेरॉइडं आहेत, सोबत एक बुरशीचं औषध आणि एक-दोन अँटिबायोटिक कोंबलेली असतात. स्टेरॉइडने कुठलीही खाज दोन दिवस दबते, नायट्याची, ॲलर्जीची, सगळ्यांची. कारण मात्र तसंच राहतं. नायटा असेल तर तो दबून पसरतो आणि त्याचा चेहरा असा बदलतो की नंतर आम्हालाही पटकन ओळखू येत नाही. त्यातून ही जागा झाकलेली आणि ओलसर, तिथे मलम दुप्पट मुरतं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते, साध्या धुण्याने चिरते.

मूळव्याधीच्या ट्यूबांचं वेगळं. त्यात जागा बधिर करणारं औषध असतं. पाच-सात दिवस ठीक, पण रोजची सवय लावली तर त्याचीच ॲलर्जी होऊन नवी खाज उभी राहते.

मिसळ, ठेचा, शेजवान... तिखट पूर्ण सोडायचं का?

ठाण्यात राहून मिसळ सोडा असं सांगणारा डॉक्टर दवाखाना चालवू शकणार नाही. आधी फरक समजून घ्या. मिरचीतलं तिखट द्रव्य सगळंच पचत नाही, थोडं तसंच खाली येतं. तोंडात झोंबण्याची जाणीव ज्या प्रकारच्या संवेदकांमुळे होते तसेच गुदद्वारातही असतात. म्हणून झणझणीत खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी शौच करतानाच आग होते. ती लगेच सुरू होते आणि साधारण तासाभरात निवते. ही जळजळ आहे, खाज नव्हे. खाज मागाहून येते, रेंगाळते आणि रात्री त्रास देते. दोन्ही एकाच नावाने सांगितल्या की उपाय चुकतो.

तिखटाचा खरा त्रास आडमार्गाने होतो. ज्यांना तिखट-तेलकटाने पातळ शौच होतं त्यांचं पाझरणं वाढतं. तर्री खाऊनही ज्याचं शौच बांधलेलं राहतं त्याला माझी बंदी नाही.

बहुतेकांच्या यादीत नसलेला आरोपी म्हणजे चहा-कॉफी. कॉफीने काही जणांचा तो आतला स्नायू सैल पडतो. चहा, कोला, बिअर, चॉकलेट, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं ही इतर नावं नेहमी घेतली जातात. सगळं सगळ्यांना बाधतं असं अजिबात नाही, आणि आयुष्यभर वर्ज्य करण्याइतका भक्कम पुरावाही नाही. म्हणून स्वतःवर तपासा. दोन आठवडे हे सगळं बंद किंवा अगदी कमी ठेवा. खाज कमी झाली तर एकेक पदार्थ परत आणा, प्रत्येकाला तीन-चार दिवस द्या, कारण परिणाम दिसायला कधी एक-दोन दिवस जातात. काहीच फरक पडला नाही तर जेवण हे तुमचं कारण नाही, सुखाने खा. आमच्या पेशंटच्या दिवसातून सहा कटिंग आणि दोन कॉफ्या व्हायच्या. टोमॅटोने त्याला काही झालं नाही, तिखटाने झालं तेही शनिवार-रविवारपुरतं. कॉफी सोडून चहा दोनवर आणल्यावर मात्र कापूस स्वच्छ निघू लागला.

जंत असतील का? सासूबाई म्हणतात गोड खाल्ल्याने होतात.

गोडाने जंत होत नाहीत. झोपेत दात खाणं हीसुद्धा जंतांची खूण नाही. जंत होतात ते अंडी पोटात गेल्याने.

खाजेशी संबंध असलेला जंत बहुतेक वेळा एकच, पिनवर्म. पांढऱ्या सुताच्या एक सेंटिमीटर लांब तुकड्यासारखा दिसतो. त्याचं घड्याळ वेगळं असतं आणि त्यावरूनच तो ओळखायचा. मादी रात्री, आपण झोपल्यावर, गुदद्वाराबाहेर येते आणि चुण्यांमध्ये हजारो अंडी घालते. म्हणून ही खाज रात्रीची असते, संडासशी तिचा संबंध नसतो. मूल झोपेत चुळबुळतं, बूड खाजवतं, कधी रडत उठतं. मुलींना लघवीच्या जागीही खाज किंवा लाली येते. तुमची खाज सकाळी शौचानंतरची असेल आणि घरात लहान मूल नसेल तर जंतांचा संशय कमी. घरात बालवाडीतलं मूल रात्री खाजवत असेल तर संशय थेट तिथे.

मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन बघा, कधी कधी हलणारं सूत दिसतं. नाही दिसलं तर सेलोटेपची परीक्षा. सकाळी उठल्याउठल्या, संडासला जायच्या आणि धुवायच्या आधी, पारदर्शक टेपची चिकट बाजू गुदद्वाराच्या कडेला दाबा आणि लॅबकडून आणलेल्या काचेच्या पट्टीवर चिकटवा. असं लागोपाठ तीन सकाळी करायचं. साध्या शौचाच्या तपासणीत ही अंडी बहुतेकदा सापडत नाहीत, कारण ती विष्ठेत नसून बाहेर कातडीवर असतात. "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे जंत नाहीत" हे वाक्य मी दर पंधरवड्याला ऐकते.

शाळेत जंताची गोळी दिली होती. तरी पुन्हा कशी खाज?

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मिळणारी गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. ती मोहीम मातीतून पसरणाऱ्या मोठ्या जंतांसाठी आखलेली आहे आणि त्यासाठी चांगलीच आहे. पिनवर्मही त्या गोळीने मरतात, पण अंडी मरत नाहीत. दोन आठवड्यांनी अंड्यांतून आलेले नवे जंत तयार असतात. म्हणून पिनवर्मला दुसरा डोस चौदाव्या दिवशी लागतो, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावा लागतो, कुणाला खाज असो वा नसो. एकट्या मुलाला देऊन उपयोग नाही, आजीच्या कुशीतून ते परत येतात. गरोदर बाई, गरोदर असण्याची शक्यता असलेली बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांनी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

गोळीइतकंच पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे. अंडी चिकट असतात, खाजवल्यावर नखात जातात, नखातून तोंडात. चादरीवर ती दोन-तीन आठवडे तग धरतात. नखं बारीक कापा. रात्री घट्ट चड्डी घालून झोपवा आणि सकाळी उठल्यावर लगेच बूड धुवा, म्हणजे रात्री घातलेली अंडी निघून जातील. गोळीच्या दिवशी चादरी, उशीचे अभ्रे, रात्रीचे कपडे गरम पाण्यात धुवा. आणि चादर गॅलरीत नेऊन झटकू नका. आपली ती सवय हाडामासात आहे, पण झटकल्यावर अंडी हवेत उडून घरभर बसतात. गोळा करून सरळ मशिनमध्ये.

मुलाच्या गुदद्वाराभोवती लालभडक, कडा स्पष्ट दिसणारा पट्टा असेल आणि शौचाच्या वेळी दुखत असेल तर ते जंत नसतात. एका जंतूच्या संसर्गाने तसं होतं आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. अशा वेळी घरी गोळ्या देत बसू नका.

खोबरेल, हळद, कडुनिंबाचं पाणी, तुरटी, कापूर. यातलं काय चालतं?

नुसतं साधं खोबरेल, पातळ हात, चालतं. निदान त्रास देत नाही. त्यात कापूर घातला की बिघडलं. गारवा वाटतो तो क्षणभर, चिरलेल्या कातडीला कापूर जाळतो. तुरटी, लिंबू, हळदीचा लेप, कडुनिंबाचा काढा, मीठ घातलेलं कडकडीत पाणी हे सगळं चिडलेल्या जागेसाठी जंतुनाशक लिक्विडच्याच पंगतीत बसतं. टाल्कम पावडर घामात भिजून गोळे होते आणि चालताना ते गोळे घासतात.

कोमट पाण्यात बसणं खरंच आराम देतं. घमेल्यात किंवा रुंद टबात हाताला सुखद वाटेल एवढंच कोमट पाणी, दिवसातून एक-दोनदा, आठ-दहा मिनिटं. पाण्यात काहीही टाकायचं नाही. एक चमचा लिक्विड "बरं म्हणून" टाकणारे खूप भेटतात. गरम पाण्याने खाजेला तात्पुरतं स्वर्गसुख वाटतं आणि तासाभराने ती दामदुपटीने परत येते. खाज अनावर झाली तर गार पाण्यात पिळलेला कपडा दोन मिनिटं टेकवा.

केस वस्तऱ्याने काढू नका. उगवताना खुंट टोचतात. कात्रीने छोटे केलेत तरी पुरे.

रात्री झोपेतच खाजवलं जातं. काय करू?

नखं कापा, हातात सुती मोजे घाला, सैल सुती पायजमा नाडी बांधून घाला. झोप मोडत असेल तर झोप आणणारी ॲलर्जीची गोळी काही दिवस देता येते. पण ती डॉक्टरने द्यावी, गाडी चालवणाऱ्याने तर विचारूनच घ्यावी.

पावसाळ्यात जास्त होते, बरोबर?

हो. ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात. बाजार समितीतले माथाडी असोत की दुचाकीवर फिरणारे डिलिव्हरीवाले, जूनपासून माझ्याकडे ही रांग वाढते. ऑफिसात एक कोरडी सुती चड्डी ठेवा आणि पोचल्यावर बदला. खाज जांघेतही असेल, गोल कडा पसरत असेल, तर तो नायटा आहे. त्याला बुरशीचं औषध बरेच आठवडे लागतं, झिंकचं मलम पुरणार नाही. बाईला किंवा पुरुषाला तिथे वारंवार बुरशी होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

हा मूळव्याध तर नाही? लोकलमध्ये जाहिरात बघितली.

डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या त्या कागदांवर मूळव्याध, भगंदर, खाज सगळं एकाच सुईने बरं होतं. मूळव्याधीत खाज येऊ शकते, कारण बाहेर येणाऱ्या कोंबामुळे चिकट स्राव होतो. पण नुसती खाज, रक्त नाही, कोंब नाही, तर मूळव्याध हे पहिलं कारण धरू नका. कापल्यासारखं दुखतं ते फिशर. जवळच्या छोट्या भोकातून पू येऊन कपडा भिजतो ते भगंदर, ते मलमांनी जात नाही, सर्जनकडे जावं लागतं.

डॉक्टरकडे कधी जायचं? आणि तिथे नेमकं काय करतात? लाज वाटते.

शौचात रक्त, शौचाची सवय बदलणं, वजन उतरणं, हाताला गाठ लागणं, एकाच जागी न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी खाज सुरू झाली असेल तरीही दाखवा. अंगभर खाज आणि डोळे पिवळे असतील तर तो वेगळाच विषय, त्याच दिवशी जा. बाकीच्यांनी वर सांगितलेलं नेमाने तीन-चार आठवडे करूनही फरक नसेल तर जावं.

तपासणी पाच मिनिटांची असते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, अंगावर चादर असते. आधी फक्त उजेडात बघतात, गरज वाटली तर हातमोजा घालून जेल लावून एक बोट आत घालून बघतात. नायट्याचा संशय असेल तर कातडीचा भुगा खरवडून घेतात. बाई डॉक्टर हवी की पुरुष, ते आधी सांगितलं तर चालतं, त्यात संकोच नको.

येताना दोन गोष्टी करा. त्या दिवशी सकाळी नुसत्या पाण्याने धुवा, मलम काही लावू नका, नाहीतर आम्हाला कातडीऐवजी मलमच दिसतं. आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा, साबण, वाइप्सचं रिकामं पाकीट एका पिशवीत घालून आणा. घणसोलीच्या पेशंटची पिशवी मी टेबलावर ओतली तेव्हा अकरा वस्तू निघाल्या, त्यातल्या तीन ट्यूबांमध्ये एकच औषध होतं, वेगवेगळ्या नावांनी.